शेवट सुरुवातीला उत्तर देतो का? लॉगलाइन लिहावी की सारांश

कथा लिहून झाली आहे, मित्रमंडळी ‘छान आहे’ म्हणतात, पण शेवटचं पान वाचताना तुम्हाला स्वतःलाच काहीतरी निसटल्यासारखं वाटतंय. अशा वेळी कथा लहान करून बघण्याचे दोन मार्ग आहेत: गोष्टीचा गाभा एका वाक्यात सांगणारी पंचवीस-तीस शब्दांची लॉगलाइन किंवा पानभर सारांश. निर्मात्याला किंवा संपादकाला पाठवायचे लॉगलाइन-सारांश इथे अभिप्रेत नाहीत, ते गोष्ट खपवण्यासाठी असतात. इथे दोन्ही फक्त स्वतःसाठी लिहायचे आहेत आणि दोन्हींतून हाती लागतं ते वेगवेगळं असतं.

उदाहरणासाठी एक कथा रचू. सुमन चिपळूणला खानावळ चालवते. 22 जुलै 2021 च्या पुरात भांडी, धान्य, फ्रीज सगळं जातं. पुण्यातला मुलगा म्हणतो, ‘आई, जागा विकू आणि तू माझ्याकडे ये.’ ती गणपतीपर्यंतची मुदत मागून घेते. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होते, म्हणजे तिच्या हातात सात आठवडे आहेत. तोवर खानावळ सुरू झाली नाही तर ती मुलाचं ऐकेल. पुढे तिची धाकटी जाऊ येते. दोघींचा बारा वर्षांचा अबोला आहे. जाऊ चिखल काढायला हात लावते, जुन्या गोष्टी निघतात, रडारड होते आणि शेवटच्या प्रसंगात दोघी एकत्र जेवायला बसतात. प्रसंग चांगला उतरला आहे असं धरू. वाचकाच्या डोळ्यांत पाणीही येईल.

आता लॉगलाइन. बहुतेक लेखक इथे एक गफलत करतात: शेवट माहीत असतो, त्यामुळे लॉगलाइन नकळत शेवटाला जुळेल अशी लिहिली जाते. ‘पुराने उद्ध्वस्त झालेल्या सुमनला तुटलेलं नातं परत मिळतं’ असं काहीतरी. हे वाक्य कथेची तपासणी करत नाही, कथेची बाजू घेतं. म्हणून नियम असा ठेवावा, की लॉगलाइन फक्त कथेच्या पहिल्या एक तृतीयांश भागावरून लिहायची. पंधरा पानांची कथा असेल तर पहिली पाच पानं समोर ठेवा, उरलेली उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या पाच पानांत जे नाही ते वाक्यात येऊ द्यायचं नाही. कोण, काय घडलं, तिला काय हवं आहे, आड काय येतंय, नाही जमलं तर काय जाईल, एवढंच.

सुमनची लॉगलाइन मग अशी निघते: ‘पुरात खानावळ गमावलेल्या सुमनला गणपतीच्या आत ती पुन्हा सुरू करायची आहे, नाहीतर मुलाला दिलेल्या शब्दाप्रमाणे जागा विकून पुण्याला जावं लागेल.’ यातून वाचकाच्या मनात उभा राहणारा प्रश्न सरळ आहे: खानावळ सुरू होणार का? आता शेवटच्या दोन पानांवरून एकच वाक्य लिहा: ‘बारा वर्षांनी सुमन आणि जाऊ एकत्र जेवतात.’ दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवली की दिसतं, विचारलं एक आणि सांगितलं दुसरंच. खानावळीचं काय झालं, मुलाला दिलेल्या शब्दाचं काय झालं, याचा शेवटात पत्ताच नाही. प्रसंग हृद्य होता, म्हणूनच हे इतके दिवस लपून राहिलं.

हे सगळं अर्ध्या तासात होतं. पण लॉगलाइन इथेच थांबते. गोष्ट कुठल्या वळणावर हातातून गेली, हे ती सांगू शकत नाही, कारण मधला भाग तिच्यात येतच नाही.

तिथे सारांश लागतो. अडीचशे-तीनशे शब्द, वर्तमानकाळ, शेवटासकट सगळं उघड. वर्णनं, संवाद, आठवणी गाळायच्या, फक्त घटना ठेवायच्या. मग प्रत्येक दोन वाक्यांच्या मध्ये ‘त्यामुळे’ किंवा ‘पण’ बसतं का, ते बघायचं. जिथे ‘दरम्यान’, ‘एके दिवशी’ किंवा ‘आणि मग’ याशिवाय काहीच बसत नाही, तिथे खूण करायची. सुमनच्या सारांशात पहिली तीन वाक्यं घट्ट बसतात: पूर येतो, त्यामुळे मुलगा विकायचं म्हणतो, पण ती गणपतीपर्यंतची मुदत मागते. चौथं वाक्य: ‘दरम्यान जाऊ येते.’ का येते? कोणी बोलावलं? कथेत याला कारणच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौथ्या वाक्यानंतर गणपती हा शब्द सारांशात पुन्हा येत नाही. मुदत तिथे मेली. शेवट चुकलाय असं वाटत होतं, खरी फट मात्र पाचव्या-सहाव्या पानावर आहे.

सारांशाचाही एक धोका आहे. लिहिता लिहिता लेखक फटी बुजवतो. ‘पुराची बातमी ऐकून अस्वस्थ झालेली जाऊ येते’ असं सहज लिहिलं जातं आणि सांधा जुळल्यासारखा दिसतो, पण ती अस्वस्थता कथेत कुठेच नसते. उपाय कंटाळवाणा आहे, तरी करावाच: सारांशाच्या प्रत्येक वाक्यापुढे कथेचा पान क्रमांक लिहायचा. ज्या वाक्याला पान सापडत नाही, ते तुमच्या मनात आहे, कागदावर नाही.

फट कळल्यावर दुरुस्तीचे दोन रस्ते उरतात. एक, शेवट बदलून खानावळीचं उत्तर द्यायचं. दुसरा, सुरुवात बदलायची. इथे मी दुसरा घेईन, कारण या कथेतला जिवंत भाग दोघींचा आहे, खानावळ हे निमित्त. समजा जागा सासऱ्यांनी दोन्ही सुनांच्या नावावर केली होती आणि वाटणी झालीच नाही. जागा तारण ठेवून कर्ज काढायचं तर दोघींची सही लागणार. आता लॉगलाइन होते: ‘पुरात खानावळ गमावलेल्या सुमनला गणपतीच्या आत ती उभी करायला कर्ज हवं आहे, पण त्यासाठी बारा वर्षं अबोला असलेल्या जावेची सही लागणार आहे.’ जाऊ आता आपोआप उगवत नाही, सुमनला तिच्या दारात जावं लागतं. जेवणाचा प्रसंग जवळजवळ आहे तसा राहतो, फक्त त्यात सहीचा कागद यायला हवा. सही झाली की नाकारली, काहीही चालेल. सुरुवातीच्या प्रश्नाला दोन्ही उत्तरंच आहेत.

मग निवड कशी करायची? दोन-तीन हजार शब्दांची कथा असेल तर लॉगलाइन पुरते. मधला भाग एवढा छोटा असतो, की विसंगती कळली की तिची जागा डोळ्यांसमोरच असते. कादंबरी किंवा पटकथा असेल तर आधी लॉगलाइन, आणि ती जुळली नाही तरच सारांश, कारण लांब लेखनाचा प्रामाणिक सारांश काढायला दोन-तीन दिवस सहज जातात. लॉगलाइन जुळते, तरीही शेवट उपरा वाटतो, अशी तक्रार असेल तर थेट सारांशाकडे जा. तिथे बहुधा उत्तर बरोबर असतं, पण ते पात्राने मिळवलेलं नसतं, योगायोगाने हातात पडलेलं असतं.

काही कथांना दोन्ही लागू पडत नाहीत. एका संध्याकाळची मनःस्थिती पकडणाऱ्या कथेत ‘तिला काय हवं आहे’ हा रकाना रिकामाच राहतो. तो जबरदस्तीने भरून कथा बदलू नका. शेवट मोकळा सोडलेल्या कथेला मात्र ही सूट नाही. सुमनने कागद जावेपुढे सरकवला आणि कथा संपली, तर तो मोकळा शेवट याच प्रश्नाचा आहे. कागद कथेत कधी आलाच नसेल, तर तो शेवट मोकळा नाही, अर्धवट आहे.