स्टॉल मोशीत, फॉलोअर कोल्हापुरात: प्रदर्शनातून लाइव्ह जायचं, स्टेटस टाकायचं की लिंक्डइनवर लिहायचं?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यानं पुण्याजवळ मोशीला तीन दिवसांचा स्टॉल घेतला की माणसं बहुतेक दोनच जातात, मालक आणि एखादा सुपरवायझर. स्टॉलही ठरलेला असतो. तीन बाय तीन मीटरची जागा, एक टेबल, दोन खुर्च्या, वर कंपनीच्या नावाची पट्टी. या दोघांनी आलेल्या माणसाशी बोलायचं, कास्टिंग हातात द्यायचं, चौकशी लिहून घ्यायची, आणि त्यातच मोबाइलवरून ‘आम्ही इथं आहोत’ हेही जगाला सांगायचं. चारही कामं सारखी होणार नाहीत. त्यामुळे मोबाइलला दिवसातला जो तासभर मिळेल तो कुठं घालायचा, हे कोल्हापुरातून निघण्यापूर्वीच ठरवावं लागतं.

एक उदाहरण धरून चालू. गोकुळ शिरगावातला एक कारखाना २ ते २५ किलो वजनाची सीआय आणि एसजी आयर्नची कास्टिंग्ज मशिनिंग करून देतो. त्याला हवेत पुणे, चाकण, अहिल्यानगरकडचे पंप, व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्स बनवणारे ग्राहक. म्हणजे स्टॉलवर येणारा कामाचा माणूस हा परचेस किंवा व्हेंडर डेव्हलपमेंटचा असेल. तीन दिवसांत असे पंधरा-वीस जण नीट बोलून गेले तरी या कारखान्याचं काम झालं.

सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतं ते इन्स्टाग्राम लाइव्ह. पण त्याची पहिली अडचण दारातच आहे. २०२५ पासून लाइव्ह जायला खातं सार्वजनिक लागतं आणि किमान १,००० फॉलोअर लागतात. अनेक कारखान्यांच्या खात्यांवर तेवढे नसतात. यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह जायला ५० सबस्क्रायबर पुरतात, पण ती सोय पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. स्टॉल लावल्यावर हे लक्षात आलं तर पहिला दिवस गेला.

खरी अडचण अंतराची आहे. कारखान्याच्या इन्स्टाग्रामवर असतात कोण? कामगार, पाहुणे, मित्र, शेजारचे कारखानदार, आयटीआयची पोरं. ती सगळी कोल्हापुरात, स्टॉलपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर. ‘लय भारी दादा’ अशा कॉमेंट भरपूर येतील, पण त्यातला एकही माणूस दुपारी स्टॉलवर उभा राहणार नाही. शिवाय लाइव्ह म्हणजे एक माणूस वीस-तीस मिनिटं अडकला. प्रदर्शनाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी गर्दी वाढली की मोबाइलचं नेटवर्क रडायला लागतं आणि चित्र अडकत अडकत जातं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. लाइव्ह कॅमेऱ्यात तुमच्यासमोर उभा असलेला ग्राहक दिसतो, गळ्यातल्या बॅजवर त्याच्या कंपनीचं नावही असतं. फाउंड्रीची दुनिया लहान आहे. कोणत्या कंपनीचा माणूस कोणाच्या स्टॉलवर किती वेळ थांबला, हे शिरोलीत संध्याकाळपर्यंत कळलं तर दुसऱ्या दिवशी त्याला कमी भावाचा फोन जातो. टेबलावर मांडलेल्या एखाद्या कास्टिंगवर जुन्या ग्राहकाचा लोगो किंवा पार्ट नंबर उठलेला असेल तर तोही जगजाहीर होतो, आणि गुप्ततेचा करार असेल तर तो मोडतो. स्टोरीचा फोटो टाकण्यापूर्वी एकदा तपासता येतो. लाइव्हला ती सोय नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. हे लाइव्हसारखं दिसत नाही, पण या कारखान्याच्या कामाचं मला हेच वाटतं. कारण तुमचं स्टेटस त्यालाच दिसतं, ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे आणि तुमचा त्याच्याकडे. म्हणजे जुने ग्राहक, कधीतरी कोटेशन मागितलेले परचेसवाले, ओळखीचे इंजिनिअर. यातले निम्मे तरी पुणे पट्ट्यात असतात आणि मोशीला येणारच असतात. त्यांना फक्त हॉल आणि स्टॉल नंबर हवा असतो.

स्टेटसची दुसरी ताकद म्हणजे ते कोणी पाहिलं त्यांची नावं दिसतात (समोरच्यानं वाचल्याची खूण बंद ठेवली असेल तर तेवढी दिसत नाहीत). सकाळी साडेनऊला टाकलेलं स्टेटस भोसरीच्या एखाद्या परचेस मॅनेजरनं अकराला पाहिलं, असं दिसलं की सरळ फोन करायचा: ‘साहेब, आलाय का प्रदर्शनात? बी हॉलमध्येच आहे मी.’ लिंक्डइनवर पोस्ट पाहणाऱ्यांची नावं मिळत नाहीत, लाइक किंवा कॉमेंट करणाऱ्यांचीच मिळतात. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत खाती दिसतात, पण ‘किंग_ऑफ_करवीर’ हा परचेस मॅनेजर आहे की त्याचा पुतण्या, हे कसं कळणार?

एक खाच मात्र आहे. कारखान्याचा बिझनेस नंबर वेगळा असेल, तर बऱ्याच ग्राहकांकडे तो सेव्हच नसतो. त्यांच्याकडे असतो मालकाचा. त्यामुळे स्टेटस मालकाच्या नंबरवरून जायला हवं आणि चौकशी कारखान्याच्या नंबरवर यायला हवी. म्हणजे दोन फोन. ब्रॉडकास्ट लिस्टचंही असंच आहे: एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. अनोळखी नंबरांवर एकगठ्ठा निरोप पाठवायच्या भानगडीत पडू नका. लोकांनी तक्रार केली की नंबर बंद होतो, आणि तो प्रदर्शनाच्या मधल्या दिवशी बंद झाला तर काय होईल ते सांगायला नको.

स्टेटस दिवसाला तीन पुरे. सकाळी दारं उघडण्याआधी, जेवणानंतर अडीचच्या सुमारास, आणि संध्याकाळी उद्या येणाऱ्यांसाठी. चित्रावरच मोठ्या अक्षरात हॉल, स्टॉल नंबर आणि जवळची खूण लिहायची, उदाहरणार्थ ‘उपाहारगृहाच्या दारासमोर’. लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे बोलून सांगितलेला स्टॉल नंबर वाया जातो. आणि ‘आम्हाला भेटा’ लिहिण्यापेक्षा ‘१८ किलोचं व्हॉल्व्ह बॉडी कास्टिंग, एसजी ५००/७, उभं कापून ठेवलंय, आतून बघा’ असं लिहिलं तर कामाचा माणूस वाट वाकडी करून येतो.

लिंक्डइनचं काम वेगळं आहे. तिथली पोस्ट वेळेच्या क्रमानं दिसत नाही. आज टाकलेली पोस्ट एखाद्याला तीन दिवसांनी, स्टॉल उचलल्यावर दिसते. म्हणून ‘आत्ता या’ असं सांगायला ती निरुपयोगी. पण आठवडाभर आधी टाकलेली पोस्ट, त्यात कोणत्या वजनाची, कोणत्या ग्रेडची कास्टिंग्ज करता हे स्पष्ट लिहिलेलं, आणि ओळखीच्या दहा-बारा परचेसवाल्यांना वेगवेगळे निरोप, हे चालतं. व्हेंडर शोधणारा माणूस प्रदर्शनाला निघण्यापूर्वी कोणाकोणाला भेटायचं याची यादी करतो, त्या यादीत शिरायचं तर वेळ तीच. प्रदर्शनाच्या तीन दिवसांत लिंक्डइन उघडलं नाही तरी चालेल.

माणूस आला, बोलला. आता त्याची चौकशी पकडायची कशी? गूगल फॉर्म दिसायला नीटनेटका असतो, सगळं आपोआप शीटमध्ये पडतं. पण त्याला नेट लागतं, आणि हातात तीन पिशव्या कॅटलॉग घेऊन उभा असलेला माणूस सहा रकाने भरत नाही. भरायचाच तर सुपरवायझरनं विचारून भरावा. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचा क्यूआर बरा. स्कॅन केलं की निरोप तयार असतो, त्यानं फक्त पाठवायचं. त्याचा खरा नंबर तुमच्याकडे, तुमचा त्याच्याकडे. लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=MOSHI-STALL
```

स्टेटसमध्ये टाकायच्या लिंकला शेवटी `MOSHI-STATUS` करायचं आणि लिंक्डइनच्या लिंकला `MOSHI-LI`. कोणता माणूस कुठून आला हे नंतर आठवत बसावं लागत नाही, पहिल्या निरोपातच लिहिलेलं असतं. तयार निरोप मराठीत ठेवायचा मोह होतो, पण क्यूआरसाठी तो टाळा. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं. नुसत्या ‘नमस्कार’ची त्रेसष्ट होतात, क्यूआर दाट होतो आणि हॉलच्या पिवळट उजेडात साधा फोन तो चटकन ओळखत नाही. क्यूआर फुकट बनवून देणाऱ्या काही साइट्स मध्ये आपली लिंक घालतात आणि मुदत संपली की तो कोड बंद पाडतात. म्हणून छापण्यापूर्वी स्कॅन करून बघायचं, की उघडणारा पत्ता थेट `wa.me` चाच आहे ना.

बिझनेस अ‍ॅपमध्ये स्वागताचा निरोप लावून ठेवला की लगेच चार प्रश्न जातात: एका नगाचं वजन, ग्रेड, महिन्याला किती नग, आणि मशिनिंगसह की कच्चं कास्टिंग. हा निरोप पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा चौदा दिवस बोलणं झालं नसेल त्यालाच जातो. गेल्या आठवड्यात बोललेल्या ग्राहकासाठी तोच मजकूर झटपट उत्तरात साठवून हातानं पाठवावा लागतो. आलेल्या प्रत्येकाला तिथल्या तिथं लेबल लावायचं: ‘ड्रॉइंग येणार’, ‘नमुना हवा’, ‘नुसती चौकशी’. सगळेच ‘नुसती चौकशी’मध्ये जमायला लागले तर ओळखायचं, की स्टेटस चुकीच्या माणसांना ओढतंय. त्यात वजन आणि ग्रेड लिहिलेली नाही, नाहीतर स्टॉलवर फुकटच्या पेनांची गर्दी आहे.

तरीही छापील चौकशी-चिठ्ठ्यांचं एक पॅड आणि स्टेपलर जवळ हवंच. नेटवर्क गेलं की तेवढंच चालतं, आणि मोठ्या कंपनीतला वयस्कर माणूस क्यूआर दाखवल्यावर खिशातून कार्ड काढतो. ते कार्ड चिठ्ठीला टाचून मागे दोन ओळी लिहायच्या. चिठ्ठ्या त्याच रात्री लॉजवर फोनमध्ये चढवायच्या. कोल्हापूरला आल्यावर करू म्हटलं की ‘गिअरबॉक्सवाले, उंच गृहस्थ’ म्हणजे कोण, हे दोघांनाही आठवत नाही.

हा सगळा हिशोब एका प्रसंगी उलटतो. तुम्ही ऊस भरणीचं अवजार किंवा कडबाकुट्टी बनवत असाल आणि स्टॉल कोल्हापुरातच, मेरी वेदर मैदानावरच्या शेती प्रदर्शनात असेल, तर इन्स्टाग्राम लाइव्ह पहिल्या नंबरावर जातं. इथं फॉलोअर आणि गिऱ्हाईक एकच, आणि कागल-हातकणंगल्याचा शेतकरी दुपारी व्हिडिओ बघून संध्याकाळी मोटरसायकलनं येऊ शकतो. गुपितही काही नाही. शेतकऱ्याचा चेहरा दिसला तर तो उलट खूशच होतो, फक्त आधी विचारावं. लाइव्ह मात्र यंत्र चालू असतानाच करायचं, आणि कधी चालवणार ती वेळ सकाळीच जाहीर करायची. कुट्टी पडताना दिसली की लोक थांबतात. मालक कॅमेऱ्याकडे बघून कंपनीचा इतिहास सांगायला लागला की निघून जातात. तिथं लिंक्डइनचा उपयोग जवळजवळ शून्य, आणि चौकशीच्या प्रश्नांत ग्रेडऐवजी गाव, ट्रॅक्टरचा एचपी आणि जवळचा डीलर एवढं विचारलं की पुरतं.

मोशीवाल्या कारखान्यानं दोन फोन, एक पॉवर बँक, तीन लिंका आणि चिठ्ठ्यांचं पॅड घेऊन निघावं. इन्स्टाग्रामवर संध्याकाळी एखादी स्टोरी टाकायला हरकत नाही, कारखान्यातल्या पोरांना बरं वाटतं.