पीएफचा बॅलन्स वाढत होता, म्हणून मी ओळी वाचल्याच नाहीत

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बावीस वर्षं लेथ आणि सीएनसीवर काढली, जॉबमध्ये एक शतांश मिलिमीटरची गडबड असली तरी धरतो. पण स्वतःच्या पीएफच्या पासबुकातले तीन महिने गायब आहेत, हे कळायला मला वर्षाहून जास्त लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच कामाला आहे.

मी काय करायचो, तर वर्षातून एकदा बॅलन्स बघायचो. २०२३-२४ च्या सुरुवातीला २,४८,३१० होते. त्या वर्षाचं व्याज ८.२५ टक्के, म्हणजे वीस हजारांवर नुसतं व्याजच. आकडा वाढलेला दिसला की मी खूश. भरणा थांबला तरी व्याजाने आकडा फुगतोच, हे डोक्यातच आलं नाही.

मुलीच्या ऑपरेशनसाठी अॅडव्हान्स काढायची वेळ आली तेव्हा बायको पासबुक घेऊन बसली. म्हणाली, "अहो, वर्षाला बारा ओळी हव्यात ना? इथे नऊच आहेत." मी तिलाच समजवायला गेलो. मार्चचा पगार एप्रिलमध्ये भरतात, म्हणून वर्षाची पहिली ओळ मार्चची आणि शेवटची फेब्रुवारीची, त्यामुळे तू घोळ करतेयस, वगैरे. तिने बोट ठेवलं. `Cont. For Due-Month 072023`, आणि त्याच्या खाली थेट `112023`. मधले ०८, ०९, १० नाहीतच. ड्यू-मंथ म्हणजे पैसे भरायचा महिना, पगार त्याच्या आदल्या महिन्याचा. म्हणजे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचा पगार. त्या तिन्ही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपांवर मात्र पीएफचे १,७४० कापलेले.

मग दुसरा दणका. स्लिपवर बेसिक १४,५००, त्याचे १२ टक्के १,७४०. पासबुकात माझा हिस्सा १,०८०. त्याला १२ ने भागून १०० ने गुणा, ९,००० येतात. शेजारच्या रकान्यातही पगार ९,०००च लिहिलेला! माझ्या पगारातून १,७४० कापायचे, सरकारकडे १,०८० भरायचे, ६६० खिशात. नऊ महिने ५,९४० आणि तीन महिन्यांचे पूर्ण ५,२२०. मिळून ११,१६० माझ्या घामाचे. कंपनीचा हिस्सा तेवढाच असतो, तोही बुडाला. एका वर्षात २२,३२०. आणि कंपनीच्या हिश्श्यातून पगाराचे ८.३३ टक्के पेन्शनला जातात, म्हणजे पेन्शनचा पगारही ९,०००वर आणि सेवेतले तीन महिनेही हिशोबाबाहेर.

सगळ्यात जळतं ते वेगळंच. दर महिन्याला पैसे जमा झाल्याचा मेसेज यायचा. त्या वर्षी गणपतीत तो आलाच नाही. मी अकाउंटवाल्या साहेबांना विचारलंही होतं! ते म्हणाले, "त्यांचा सर्व्हर डाऊन आहे, नंतर एकदम दिसेल." दिवाळीच्या आसपास मेसेज पुन्हा सुरू झाले आणि मी गप्प बसलो. तिथेच पासबुक उघडायला हवं होतं. पण बोनसच्या तोंडावर साहेबांशी कोण वाकडं घेणार? तुम्ही घेतलं असतं?

पीएफच्या वेबसाइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, लॉगिन लागत नाही. कंपनीचा कोड टाकला की महिन्यावार भरणा आणि किती माणसांचा तो भरलाय ते दिसतं. त्या तीन महिन्यांत ३१ जण. शॉपवर आम्ही ४८. म्हणजे कंपनीने चलन भरलं, फक्त आम्हा सतरा जणांना वगळून. हा स्क्रीनशॉट काढून ठेवा, उद्या हीच पावती.

पीएफच्या ऑफिसात गेलो. पहिल्या खिडकीने कंपनीकडे पाठवलं. दुसरी म्हणाली, "स्लिपवर सही-शिक्का नाही." अरे, कॉम्प्युटरवरून निघालेल्या स्लिपवर शिक्का कोण मारतं? ऑनलाइन तक्रार केली, तर "आस्थापनेला कळवले आहे" एवढं लिहून बंद. पुन्हा टाकली, पुन्हा बंद. कापून घेतलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे, कायद्यातच लिहिलंय. तिथल्या साहेबाला ते सांगितलं, तर म्हणाला, "तुम्हीच केस करा मग." आमच्या पैशांचा हिशोब ठेवायला बसवलेली माणसं ही! अर्ज दोनदा हरवला, तिसऱ्यांदा आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. तुम्हीही सोडू नका. आणि "पीएफ बुडवला" असं मोघम लिहू नका. महिना, स्लिपवरची कपात, पासबुकातली रक्कम असा तक्ता द्या आणि कंपनीने किती थकवलंय याची चौकशी मागा.

एक सांगतो, नाहीतर उगाच भांडाल. बेसिक १५,०००च्या वर असेल, तर कंपनी १५,०००वरच, म्हणजे १,८००च कापू आणि भरू शकते. ते बेकायदा नाही. बिनपगारी रजा असेल तर त्या महिन्याची रक्कमही कमी दिसते. स्लिप हातात घेऊनच पासबुक वाचा. कपात एक आणि भरणा दुसरा, तिथे पाणी मुरतंय.

सतरा जणांपैकी अर्जावर सही करायला चार तयार झाले. परवा या महिन्याची स्लिप मिळाली. कपात १,७४०.