मिसळ टेबलावर की डब्यात? हॉटेल आणि क्लाउड किचनचा हिशेब

पुण्यात मिसळ विकायची, एवढं ठरलंय. प्रश्न असा, की रस्त्यावर चोवीस खुर्च्यांचं छोटं हॉटेल टाकायचं, की मागच्या गल्लीत गाळा घेऊन फक्त ॲपवर विकायचं? मी हॉटेलवाल्यांचे हिशेब लिहितो, आणि हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण मनातून क्लाउड किचन ठरवूनच आलेले असतात. भाडं कमी, वाढपी नकोत, फर्निचर नको. मग मी त्यांना आधी एका प्लेटचा हिशेब मांडायला लावतो. खालचे भाव उदाहरणापुरते आहेत, तुमच्या दुकानदाराचे घालून बघा.

मटकी ५ रुपये, ५० ग्रॅम फरसाण ९, दोन पाव ६, रस्सा (तेल, मसाला, खोबरं, कांदा धरून) ८, वरचा कांदा-लिंबू-कोथिंबीर २. झाले ३०. त्यात वाया जाणाऱ्या मालाचे २ धरा. टेबलावर आणखी एक खर्च येतो, जो मेनूकार्डावर कुठेच नसतो: सँपल, म्हणजे वरून मागितलेला रस्सा. पुण्यात मिसळ खाणारा माणूस किमान एकदा तरी सँपल मागतोच, आणि त्याचे पैसे लावलेत तर तो पुन्हा येत नाही. त्याचे सरासरी ३. म्हणजे टेबलावर प्लेट ३५ रुपयांना पडते, डब्यात ३२ रुपयांना.

हा हिशेब कागदावर कायम खरा असतो. एका ओळखीच्या हॉटेलात आम्ही वजनकाटा नेऊन ठेवला. सकाळी आठला आचाऱ्याची फरसाणाची मूठ ४८ ग्रॅम भरली. साडेदहाला, दारात माणसं ताटकळत असताना, तीच मूठ ७२. वीस ग्रॅम जास्त गेलं तर प्लेटमागे साडेतीन रुपये जातात, आणि दिवसाला ११५ प्लेटी धरल्या तर महिन्याला दहा हजारांच्या वर. त्यावर उपाय साधा आहे: फरसाणाला ठरलेली वाटी, रश्शाला ठरलेलं ओगराळं. वाटी बाजूला पडून मूठ परत सुरू झालीय का, हे महिनाअखेरीला फरसाणाच्या बिलाला विकलेल्या प्लेटींनी भागलं की कळतं.

आता विक्री. टेबलावर दर ११० ठेवू, जीएसटी सोडून. मालाचा खर्च ३५, म्हणजे सुमारे ३२ टक्के. गॅसचे ३ काढले की प्लेटमागे ७२ रुपये उरतात.

ॲपवर दर १३० लावला. मालाचा खर्च ३२, म्हणजे जेमतेम २५ टक्के, आणि इथेच माणूस खूश होतो. पण १३० रुपये हातात येतच नाहीत. कमिशन २५ टक्के धरू (करारागणिक वेगळं असतं), त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३८ रुपये. जेवणावरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲप कंपनीच सरकारला भरते, पण कमिशनवरचा आपल्या खिशातून जातो आणि ५ टक्क्यांत बसणाऱ्या हॉटेलाला त्याची वजावट मिळत नाही. सवलतीतला आपला वाटा १० धरा. हातात आले ८२. त्या ८२ वर ३२ चा माल म्हणजे ३९ टक्के. पॅकिंगचे १२ (रश्शाचा झाकणबंद डबा, फरसाणाची वेगळी पिशवी, कांदा-लिंबाची पुडी, वरची पिशवी) आणि गॅसचे ३ गेले, की उरतात ३५ रुपये. टेबलावरच्या प्लेटच्या निम्म्याहून कमी.

| दरमहा (रुपये) | हॉटेल | क्लाउड किचन |
|---|---|---|
| भाडं | ६०,००० | १८,००० |
| पगार | ९०,००० | ५५,००० |
| वीज | १०,००० | ६,००० |
| भांडवलाची परतफेड, ४ वर्षांत | १७,००० | ६,००० |
| ॲपवरची जाहिरात | – | १२,००० |
| किरकोळ | ८,००० | ५,००० |
| तुमचा स्वतःचा पगार | ३०,००० | ३०,००० |
| एकूण | २,१५,००० | १,३२,००० |

शेवटच्या ओळीआधीची ओळ खोडू नका. ती खोडली की कुठलाही धंदा फायद्यात दिसतो.

महिन्यातले २६ दिवस धरले तर हॉटेलाला रोज ८,२७० रुपये उरायला हवेत. त्याला ७२ ने भागा: ११५ प्लेटी, म्हणजे १२,६५० चा गल्ला. क्लाउड किचनला रोज ५,०७७ पुरतात, पण भागायचं ३५ ने: १४६ प्लेटी, जवळपास १९,००० ची विक्री. खर्च ८३ हजारांनी कमी, तरी रोज ३१ प्लेटी जास्त विकाव्या लागतात.

मग क्लाउड किचन वाईटच का? नाही, मिसळ त्याच्या सोयीची नाही. त्याच गाळ्यातून चिकन बिर्याणी २६० ला विकून बघू. कमिशन आणि त्यावरचा कर ७७, सवलत २०, हातात १६३. माल ७५, पॅकिंग १४, गॅस ५. उरले ६९. खर्च तोच धरला तर ७४ ऑर्डरींत दिवस सुटतो. आता गंमत बघा: हातात आलेल्या पैशांवर बिर्याणीचा मालखर्च ४६ टक्के पडतो, मिसळीपेक्षा जास्त. टक्केवारीच बघत बसणारा इथे मिसळच निवडेल आणि फसेल. भाडं टक्क्यांनी भरलं जात नाही, ऑर्डरमागे उरलेल्या रुपयांनी भरलं जातं. शिवाय बिर्याणी अर्ध्या तासानेही बिर्याणीच राहते. मिसळीत तर्री एकदा निवली की उरतो नुसता तेलाचा थर.

जागेचे निकष दोघांचे वेगळे. हॉटेलासाठी गाळ्यासमोरच्या फूटपाथवर एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी आठ ते एक, उभं राहा. जाणारी माणसं मोजू नका, शेजारच्या टपरीवर थांबणारी मोजा. चोवीस खुर्च्यांवर ११५ प्लेटी म्हणजे प्रत्येक खुर्ची पाच वेळा भरायला हवी. रविवारी ते अकरापर्यंतच होतं, मंगळवारी दिवसभरात होईल का, एवढंच बघायचं. दुचाकी लावायला जागा नसेल तर भाडं कितीही कमी असो, सोडा.

क्लाउड किचनला दर्शनी भाग लागत नाही, पण गाळा तळमजल्यावर हवा. डिलिव्हरीवाला जिना चढून वाट बघतो तोवर पुढची ऑर्डर उशिरा जाते आणि रेटिंग पडतं. निवासी इमारतीखालचा गाळा असेल तर धुराड्याची परवानगी सोसायटीकडून आधी लेखी घ्या. फोडणीचा वास तिसऱ्या मजल्यावर पोचला की तक्रार आलीच म्हणून समजा.

मला विचाराल तर मिसळच विकायची असेल तर टेबल, आणि ॲप फक्त जोडीला. भाडं आणि पगार टेबलांनी आधीच फेडलेले असतात, मग ॲपवरच्या प्लेटमागचे ३५ सुद्धा वरकमाईच. मात्र भाडेकरारातला लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता न येण्याचा काळ, सहा महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका. साठ हजारांच्या भाड्यात मालक सहसा वर्षभराचा मागतो. चौथ्या महिन्यात प्लेटी सत्तरच्या पुढे सरकत नसल्या तर दर महिन्याला साधारण ८४ हजार खिशातून जातात, तुमचा पगार धरून.