‘आलोच’ म्हणजे आलो नाही: एअरपोर्ट पिकअपचा निरोप इंग्रजीत कसा पोचवायचा?

चाकणच्या एका कारखान्यात परदेशी पाहुण्यांच्या गाड्या ठरवायचं काम माझ्याकडे आहे. गाडी इकडून निघते, पाहुणा मुंबईच्या टर्मिनल २ वर उतरतो आणि मधे घाट असतो. ड्रायव्हरला इंग्रजी जेमतेम, पाहुण्याला मराठी शून्य. उशीर झाला की निरोप कोणी आणि कशाने भाषांतरित करायचा, हे ठरवण्यासाठी मी तीन मार्ग आलटूनपालटून वापरले: पाहुण्याने आपल्या फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये मेसेज टाकायचा, मधे माझ्यासारखा दोन्ही भाषा येणारा माणूस ठेवायचा, किंवा आधीच दोन भाषांत लिहून ठेवलेले ठरीव मेसेज ड्रायव्हरने पाठवायचे. तुम्हीही अशा गाड्या ठरवत असाल, तर यातलं काय कुठे चालतं ते सांगतो.

जुलैतली एक दुपार घेऊ. विमान ४:२० ला उतरणार होतं. गाडी साडेबाराला निघाली, लोणावळ्यापर्यंत सुरळीत गेली आणि मग तासभर जागची हलली नाही. ड्रायव्हर, पाहुणा आणि मी असा तिघांचा ग्रुप होता. पावणेतीनच्या सुमारास ड्रायव्हरचा मेसेज आला:

“सर घाटात ट्रेलर पलटी झालाय. तासभर झाला पुढे सोडत नाहीयेत. लोणावळ्यातनं जुन्या रोडनं काढतायत. खोपोलीला उतरतो. अर्धा पाऊण तास जादा जाईल. तुम्ही उतरलात की मेसेज टाका, आलोच.”

मराठी माणसाला यात काहीच अवघड नाही. मी मात्र तेव्हा मीटिंगमध्ये होतो. पाहुण्याने विमानातून उतरल्यावर मेसेज ॲपमध्ये टाकला. आलेलं इंग्रजी त्याने नंतर मला दाखवलं. ट्रेलर बरोबर होता, जुना रस्ताही बरोबर. पण “पुढे सोडत नाहीयेत” याचं झालं होतं ‘पुढे निघत नाहीत’. आपण कर्ता गाळतो, कारण घाटात अडवणारे आणि सोडणारे पोलीसच असतात हे आपल्याला सांगावं लागत नाही. इंग्रजीला कर्ता हवाच असतो. तो सापडला नाही की ॲप कुणालातरी पकडून आणतं.

“खोपोलीला उतरतो” याचं झालं ‘आय गेट डाउन ॲट खोपोली’. पाहुण्याला वाटलं, ड्रायव्हर खोपोलीला गाडी सोडून जाणार आणि तिथून दुसरा कोणी येणार. आपल्याकडे विमान उतरतं, प्रवासी उतरतो आणि गाडी घाटही उतरते. एकाच मेसेजमध्ये हे क्रियापद दोन अर्थांनी आलं होतं. वलवणहून जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या घाटातून खाली खोपोली गाठायची, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्यातला फरक कळणार.

सगळ्यात महागात पडलं ते शेवटचं “आलोच”. ॲपने ते ‘मी आलो आहे’ असं केलं. व्याकरणाने त्याची चूक नाही, रूप भूतकाळाचंच आहे. पण तो ‘च’ लागला की आपल्याकडे त्याचा अर्थ निघतो की अजून पोचलो नाही, पण लगेच येतोय असं समजा. पाहुणा बॅग घेऊन बाहेर पडला. टर्मिनलच्या दारातून एकदा बाहेर आलं की परत आत सोडत नाहीत. आतलं एसी, बसायची जागा आणि वायफाय सगळं मागे राहिलं. तो तासभर पावसाळी उकाड्यात उभा राहून प्रत्येक पांढऱ्या गाडीचा नंबर वाचत होता.

म्हणून ॲपबद्दल माझं मत असं: नेमका कर्ता आणि नेमकी वेळ लिहिलेलं साधं वाक्य असेल तर ते चांगलं चालतं. “पोलिसांनी रस्ता बंद केला आहे. मी ५:४५ ला पोहोचेन.” हे कुठलंही ॲप बिघडवणार नाही. अडचण अशी की घाटात अडकलेला माणूस असं लिहीत नाही, तो बोलतो तसं लिहितो. त्यातही बरेच ड्रायव्हर मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात. मग ॲप आधी ती हिंदी समजून बसतं, आणि ‘पावणेसहा’मधला ‘पावणे’ गळून नुसते सहा उरतात. पंधरा मिनिटांचाच फरक, पण ‘अडीच’चं काही भलतंच झालं तर तो तेवढ्यावर थांबत नाही.

बोलून भाषांतर करण्याची सोयही ॲपमध्ये असते, पण वाटेतल्या निरोपासाठी मी ती सोडून दिली. वायपर, हॉर्न, शेजारचा ट्रक, आणि ‘लोणावळ्यातनं’ असलं बोलणं यातून गावांची नावं हमखास वाकडी होतात. शिवाय चालत्या गाडीत ड्रायव्हरने फोनशी खेळू नये. पाहुणा गाडीत बसल्यावर, गाडी उभी असताना, चहाला थांबायचं का एवढं विचारायला ती बरी.

एक गोष्ट मात्र कोणत्याच ॲपच्या हातात नाही. घाटात नेटवर्क जातं. “अर्धा पाऊण तास जादा” हे पावणेतीनला लिहिलेलं वाक्य पाहुण्याने पावणेपाचला वाचलं, आणि त्याचा हिशेब तिथून सुरू झाला. शब्द अचूक उतरले असते तरी वेळ चुकलीच असती. त्या दिवसापासून ड्रायव्हरला माझं एकच सांगणं असतं: किती वेळ लागेल ते सांगू नका, घड्याळात किती वाजतील ते सांगा.

आता मधला माणूस. मी मीटिंगमधून बाहेर आलो, ड्रायव्हरला फोन केला आणि ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं. त्याचा मराठी अर्थ असा: “ट्रकचा अपघात झाल्यामुळे गाडी दुसऱ्या रस्त्याने येत आहे. ड्रायव्हर तोच आहे. गाडी टर्मिनल २ ला ५:४५ ला पोचेल. पैसे वाढणार नाहीत. त्याने पिलर नंबर पाठवेपर्यंत जागा सोडू नका.” मूळ मेसेजमधलं लोणावळा आणि खोपोली यात नाही, आणि पैशांचं मूळ मेसेजमध्ये अवाक्षर नव्हतं. काटेकोर भाषांतर म्हणून याला कमी गुण मिळतील. पण पाहुण्याला खोपोलीचं काय करायचंय? रस्ता बदलला म्हटलं की परक्या देशातल्या माणसाच्या मनात दोनच शंका येतात: मला भलतीकडे नेतायत का, आणि भाडं वाढणार का. ड्रायव्हर रस्त्याची नावं सांगतो, कारण त्याच्या लेखी तोच प्रामाणिकपणाचा पुरावा असतो. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या शंकेशी जोडून देणं हे माणसालाच जमतं.

पण या मार्गाला दोन खोडी आहेत. मुंबईत परदेशातून येणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात, आणि रात्री अडीचला मी फोन उचलेनच असं नाही. दुसरी खोड जास्त वाईट. मधला माणूस गोड करून सांगतो. ‘पाऊण तास’ ऐकून मीच एकदा ‘थोडा उशीर’ लिहिलं होतं, कारण आपल्या कंपनीची लाज वाटत होती. ॲपला लाज वाटत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

ठरीव मेसेज हा तिसरा मार्ग मला या दोन्ही खोडींमुळे सुचला. मी चारच केले, आणि प्रत्येकात वर मराठी, खाली इंग्रजी. निघालो. अडकलो आहे, नवीन वेळ अमुक, आतच थांबा. पोचलो, पिलर नंबर अमुक, आता बाहेर या. रस्ता बदलला आहे, भाडं तेच, नवीन वेळ अमुक. ड्रायव्हरने ग्रुपमधला मेसेज कॉपी करायचा आणि फक्त आकडा भरायचा. आकडा मात्र इंग्रजी अंकांतच भरायचा. हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. एका ड्रायव्हरने सव्वाचारसाठी ४:१५ लिहिलं, आणि पाहुण्याने चाराचं चिन्ह कळेना म्हणून सोडलं आणि आपला १ चक्क नऊ म्हणून वाचला. सारखा दिसतो खरा, आपल्याच कधी लक्षात येत नाही.

उशिरासाठी हे मेसेज इतर दोन्ही मार्गांपेक्षा सरस आहेत, कारण तिथे सांगायचं थोडंच असतं: वेळ आणि काय करायचं. रस्ता बदलल्याचं कारण मात्र त्यात मावत नाही. ट्रेलर, दरड, ब्लॉक, मोर्चा असं प्रत्येकासाठी वाक्य करायला गेलो तर यादी एवढी लांबते की ड्रायव्हर ती उघडतच नाही.

उलट दिशेला, म्हणजे पाहुण्याच्या इंग्रजीकडून मराठीकडे येताना, ॲप मला जास्त भरवशाचं वाटतं. पाहुणा पूर्ण वाक्य लिहितो, कर्ता गाळत नाही. ‘मी पट्ट्यावर उभा आहे’ असं काहीतरी येतं, पण ड्रायव्हर हसून समजून घेतो की सामानाच्या बेल्टपाशी आहे. फसगत होते ती भाषांतर न करता वाचलेल्या इंग्रजीत. पाहुण्याने ‘नो रश’ लिहिलं, म्हणजे सावकाश या. ड्रायव्हरने वाचलं, गर्दी नाही. विमान रिकामं होतं, इमिग्रेशनला रांग नाही, साहेब आत्ता बाहेर येतील, असं समजून तो बिचारा चेंबूरपासून गाडी पिटाळत आला.

तर सध्या माझ्याकडे असं चालतं. नुसता उशीर असेल तर ठरीव मेसेज, दिवसा असो की रात्री. दिवसा रस्ता बदलला तर ड्रायव्हर मला फोन करतो आणि मी लिहितो. रात्री बदलला तर चौथा मेसेज आधी, आणि कारण हवंच असेल तर देवनागरीत, कर्त्यासकट एका वाक्यात लिहून पाहुण्याच्या ॲपवर सोडायचं. महिन्याला एखादाच पाहुणा येत असेल, तर एवढंही करू नका. गाडी निघायच्या आधी पाहुण्याला एकच ओळ पाठवा: पिलर नंबर आल्याशिवाय बाहेर पडू नका. ड्रायव्हर ‘आलोच’ लिहिणारच आहे, ती सवय काही मोडत नाही.