‘धर्म कोणता?’ विचारायचं, की ‘देव मानता का?’: सीमाभागात निधर्मींचा अभ्यास करणाऱ्यांसाठी

निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगाव शहरात नास्तिक आणि निधर्मी माणसांचा अभ्यास करायचा, तर प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न ठरवावा लागतो. धर्माची ओळख विचारायची, देवावरचा विश्वास विचारायचा, की धर्माशी असलेलं नातं तपासायचं? या तीन मार्गांनी तीन वेगळी माणसं मोजली जातात.

ओळखीचा प्रश्न सर्वांत सोपा. मात्र ‘तुमचा धर्म कोणता?’ या वाक्यातच धर्म असणार हे गृहीत धरलेलं आहे. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यात सहा धर्मांना क्रमांक होते. बाकीच्या धर्मांचं नाव लिहायचं होतं आणि ‘कोणताही नाही’ असा छापील पर्याय नव्हता. धर्म न सांगितलेले सुमारे २८ लाख ६७ हजार निघाले आणि स्वतःला नास्तिक नोंदवणारे जेमतेम ३३ हजार. पहिला आकडा नास्तिकांचा म्हणून वापरणं ही नेहमीची चूक आहे, कारण न सांगणं म्हणजे नाकारणं नव्हे. शिवाय आपल्याकडे धर्माचं उत्तर शाळेच्या दाखल्यातून आणि जातीच्या प्रमाणपत्रातून येतं, श्रद्धेतून येईलच असं नाही.

विश्वासाचा प्रश्न नेमका वाटतो, पण सीमाभागात तो भाषेवर अडतो. मराठीत ‘मानणे’ला दोन अर्थ आहेत. ‘देव आहे असं मी मानतो’ यात मत आहे. ‘आमच्या घरी मायाक्का मानतात’ यात कुळाचार आहे, मान आहे, यात्रेला जाणं आहे. कन्नड प्रश्नावलीत त्याच जागी ‘नंबु’ हे क्रियापद येतं आणि त्यात भरवसा ठेवण्याचा अर्थ ठळक आहे. म्हणजे एकाच गल्लीत मराठी घरात प्रथा मोजली जाते आणि कन्नड घरात भरवसा. मग दोन भाषिकांच्या आकड्यांत दिसणारा फरक श्रद्धेचा आहे की क्रियापदाचा, हे सांगता येत नाही.

‘नास्तिक’ शब्दाची अडचण आणखी खोल आहे. मनुस्मृतीच्या व्याख्येत वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. त्या मोजमापाने जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात, तर वेद प्रमाण मानणारं पण ईश्वर न मानणारं सांख्य दर्शन आस्तिक ठरतं. आज मात्र आपण तोच शब्द देव नाकारणाऱ्यासाठी वापरतो. अज्ञेयवादाचा इंग्रजी मूळ शब्द तर इंग्रज शास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये घडवला. ‘देव आहे की नाही हे कळू शकत नाही’ ही ज्ञानाबद्दलची भूमिका आहे. देवाबद्दल विचारल्यावर ‘काय माहीत बुवा’ म्हणणाऱ्याला लगेच अज्ञेयवादी लिहू नये. विषय टाळण्यासाठीही माणूस तेच म्हणतो.

समजा, चिकोडी भागातला एक जैन शेतकरी आहे. तो धर्म जैन सांगतो, रोज बस्तीत म्हणजे जैन मंदिरात जातो, पण जगाचा कर्ता ईश्वर नाही असं ठामपणे म्हणतो. ओळखीच्या प्रश्नात तो धार्मिक ठरतो, विश्वासाच्या प्रश्नात निरीश्वरवादी. दुसरा निपाणीचा सत्यशोधक वळणाचा माणूस. लग्नाला भटजी नको म्हणतो, मूर्तिपूजा करत नाही, पण निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानतो. त्याला निधर्मी म्हटलं तर त्याची श्रद्धा पुसली जाते आणि धार्मिक म्हटलं तर त्याचा विरोध पुसला जातो. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१९-२० च्या पाहणीत भारतातल्या सुमारे एक-तृतीयांश बौद्धांनी देवावर विश्वास नसल्याचं सांगितलं. त्यांनी देव नाकारणं म्हणजे धर्म सोडणं नाही, ते त्यांच्या धर्मातच बसतं.

म्हणून तिसरा मार्ग: माणूस कोणत्या धर्मापासून, कोणत्या बाबतीत वेगळा उभा आहे ते विचारणं. लोइस ली या अभ्यासकाने ‘निधर्म’ची व्याख्या अशीच, धर्माशी असलेल्या फरकाच्या नात्यातून केली. त्यातली कमजोरीही उघड आहे. धर्माची व्याख्या चर्चच्या साच्यातून आलेली असेल, तर निधर्मही त्याच साच्याचा निघतो आणि आपला कुळाचार, दिंडी, जत्रा नेमकी कुठे बसवायची हे ठरत नाही.

तालुक्याची फक्त संख्या हवी असेल तर ओळखीचा प्रश्न घ्या, पण तो ‘तुम्ही स्वतःला कोणत्याही धर्माचे समजता का?’ असा विचारा आणि ‘नाही’ हा पर्याय मोठ्याने वाचा. माणसं समजून घ्यायची असतील तर आमचा कौल तिसऱ्या मार्गाला आहे. ‘मानता का’ हा एक प्रश्न फोडून तीन करा: देव आहे असं तुम्हाला वाटतं का, घरचे विधी तुम्ही करता का, आणि कोणता विधी तुम्ही ठरवून सोडला? कन्नड मसुदा दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घ्या. तिथे ‘भरवसा’ आला की क्रियापद बदला. मुलाखत एकट्याची घ्या. सासू किंवा वडील शेजारी बसले असतील तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं, आणि एकामागून एक घरांत तेच उत्तर लागलं तर दोष प्रश्नात नसून बसण्याच्या जागेत आहे.