फिजिओथेरपी क्लिनिकची गूगल नोंद आणि रिव्ह्यू : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

काउंटरवरच्या ॲक्रिलिक स्टँडवरील क्यूआर कोड गेल्या तिमाहीत अचानक रिव्ह्यूच्या पानाऐवजी ‘प्लॅनची मुदत संपली आहे’ असा संदेश दाखवू लागला, म्हणून हा मजकूर लिहायला बसलो आहे. नाशिकच्या इंदिरानगर भागात माझ्या सुनेचे फिजिओथेरपी क्लिनिक आहे. उपचार ती पाहते. फोन, हिशेब आणि पावत्या मी सांभाळतो. गूगल बिझनेस प्रोफाइलवर क्लिनिकची नोंद करणे आणि रुग्णांकडून रिव्ह्यू गोळा करणे हे काम आम्ही एका एजन्सीला वार्षिक १२,००० रुपयांत दिले होते. स्टँडचे १,५०० रुपये वेगळे. ही प्रोफाइल गूगलकडे पूर्णपणे मोफत असते, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच. एजन्सीचे पैसे हे केवळ हाताळणीचे असतात.

एजन्सीच्या मुलाला फोन केल्यावर तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “काका, प्लॅन रिन्यू केला की स्टँड लगेच चालू होईल.” याचा अर्थ असा, की स्टँडवरचा कोड गूगलच्या पानाकडे जातच नव्हता. तो एजन्सीच्या संकेतस्थळाकडे जात होता आणि तेथून पुढे रुग्णाला गूगलकडे पाठवले जात होते. हे मधले पान मी नीट तपासले, तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. रुग्णाला आधी तारे द्यायला सांगितले जात होते. चार किंवा पाच तारे दिले तरच गूगलचे पान उघडे, आणि तीन किंवा त्याहून कमी दिले, तर ‘आपले म्हणणे आम्हांला कळवा’ असा एक खासगी फॉर्म समोर येई. त्या फॉर्मात लिहिलेल्या तक्रारी कोणाकडे जात होत्या, हे एजन्सीलाही सांगता आले नाही. आमच्याकडे तरी एकही पोहोचली नाही. समाधानी ग्राहक निवडून त्यांच्याकडूनच रिव्ह्यू मागणे आणि नाराजांना परस्पर बाजूला काढणे गूगलच्या नियमांना स्पष्टपणे धरून नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात पुढच्या सत्रात सवलत देणेही नाही. विक्रीच्या माहितीपत्रकात मात्र हीच गाळणी ‘स्मार्ट फिल्टर’ या नावाने मुख्य वैशिष्ट्य म्हणून छापलेली होती.

पर्याय फुकट आहे आणि त्याला काही मिनिटे लागतात. प्रोफाइलच्या मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या खात्यातून रिव्ह्यू मागण्याचा पर्याय उघडला, की गूगल स्वतःच g.page/r/ ने सुरू होणारा आणि /review ने संपणारा दुवा देते, सोबत त्याचा क्यूआर कोडही देते. तो कोड झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून लॅमिनेट करून घेतला, की तो कोणाच्याही वर्गणीवर अवलंबून राहत नाही. कोड तपासण्याची खूणही सोपी आहे. फोनच्या कॅमेऱ्यात तो धरल्यावर उघडण्याआधी जो पत्ता दिसतो, त्यात g.page किंवा गूगलऐवजी भलतेच नाव असेल, तर मध्ये कोणीतरी बसलेले आहे असे समजावे. पण मुळात प्रोफाइल आपल्या ताब्यात हवी, आणि आमचे घोडे तेथेच अडले.

एजन्सीने नोंद करताना मुख्य मालक म्हणून स्वतःचे खाते ठेवले होते आणि सुनेला केवळ व्यवस्थापकाचे अधिकार दिले होते. नेमके याच्या उलट असायला हवे. मुख्य मालक क्लिनिकच्याच खात्याने व्हावे आणि बाहेरच्या माणसाला व्यवस्थापक नेमावे, म्हणजे करार संपल्यावर त्याचे नाव एका क्लिकने काढता येते. नवी प्रोफाइल उघडण्याचा सल्ला आम्हांला बऱ्याच जणांनी दिला, पण तो मानला नाही, कारण रिव्ह्यू प्रोफाइलला चिकटलेले असतात. नवी नोंद शून्यापासून सुरू होते, शिवाय एकाच पत्त्यावर दोन नोंदी झाल्या, तर दुसरी दुबार म्हणून अडकू शकते. त्याऐवजी गूगलच्या मालकी मागण्याच्या पानावरून विनंती पाठवली. सध्याच्या मालकाला उत्तर देण्यासाठी ३ दिवस मिळतात. एजन्सीने उत्तर दिले नाही आणि मग स्वतःची ओळख पटवून ताबा घेण्याचा मार्ग खुला झाला.

ही पडताळणी चित्रफितीने झाली. एकाच सलग चित्रणात आधी रस्ता आणि शेजारची दुकाने, मग आपली पाटी, मग स्वतःच्या किल्लीने शटर उघडणे आणि आतील उपचाराची खोली, असे दाखवावे लागते; किल्ली दाखवण्याचा हेतू हा, की जागा आपल्याच हातात आहे हे सिद्ध व्हावे. आम्ही सकाळी क्लिनिक उघडण्याआधी, एकही रुग्ण आत नसताना हे चित्रण केले, आणि दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येकाने तसेच करावे. ताबा मिळाल्यावरही नवीन मालकाला पहिले ७ दिवस जुन्या मालकाला काढून टाकण्यासारखे काही बदल करता येत नाहीत, तेव्हा त्या काळात घाबरून पुन्हा पुन्हा विनंत्या पाठवू नयेत.

ताबा आल्यावर आत काय भरून ठेवले आहे, ते प्रथमच पाहिले. क्लिनिकच्या नावापुढे ‘बेस्ट फिजिओथेरपिस्ट इन नाशिक, गुडघेदुखी, कंबरदुखी’ अशी शेपटी जोडलेली होती. गूगलला पाटीवर आहे तेच नाव हवे असते, आणि अशा शेपटीमुळे नोंद निलंबित होऊ शकते. मुख्य वर्ग म्हणून ‘मेडिकल क्लिनिक’ निवडलेला होता. ताप आला आहे, डॉक्टर आहेत का, असे फोन मला वर्षभर का येत होते, याचा उलगडा त्या दिवशी झाला. आम्ही मुख्य वर्ग फिजिओथेरपीचा केला. नकाशावरची खूण इमारतीच्या मागील गल्लीत होती. रिक्षावाले गूगलच्या मार्गाने येऊन रुग्णाला मागच्या भिंतीशी सोडत, आणि वॉकर घेतलेल्या माणसाला संपूर्ण इमारतीला वळसा घालून पुढे यावे लागे. खूण बोटाने ओढून पुढच्या फाटकावर आणता येते.

येथपर्यंत माझे मत असे होते, की ही सारी व्यवस्था जेमतेम आहे, कारण पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने ‘फिजिओथेरपिस्ट’ असे शोधले, तर त्याला आमचे क्लिनिक दिसत नाही. एजन्सी ‘संपूर्ण नाशिकमध्ये पहिला क्रमांक’ असे आश्वासन देत होती आणि मीही त्याच मापाने मोजत होतो. ते मत आता बदलले आहे. स्थानिक शोधात गूगल तीन गोष्टी पाहते : शोधलेल्या शब्दांशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही. आणि विचार केला, तर आमच्यासाठी ते असायलाही नको. दातांच्या डॉक्टरांकडे माणूस एखाद्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल, पण फिजिओथेरपी म्हणजे सलग दहा-बारा सत्रे, बहुधा रोज किंवा दिवसाआड. गुडघा नीट वाकत नसलेला रुग्ण पंचवटीहून रोज इंदिरानगरला येणार नाही आणि आला, तर चौथ्या दिवशी थांबेल. आमच्याकडे शेवटपर्यंत टिकणारे रुग्ण दोनेक किलोमीटरच्या आतले असतात, हे माझ्या पावती पुस्तकावरूनच दिसते, आणि नेमके त्यांनाच नोंद दिसते.

वेळांचा तपशीलही महत्त्वाचा. सकाळचे आणि संध्याकाळचे सत्र वेगवेगळे भरावे लागते. एजन्सीने ९ ते ९ असे सरसकट लिहिले होते, त्यामुळे लोक दुपारी येऊन बंद शटर पाहत आणि त्याची नाराजी रिव्ह्यूत उतरत असे. दुपारी नोंद ‘बंद’ दिसते आणि बंद असताना शोधात ती थोडी मागे पडू शकते, पण खोट्या वेळा लिहिण्यापेक्षा ते परवडले.

आता पुन्हा रिव्ह्यूकडे येतो, कारण माझी खरी चिडचिड स्टँडवरच आहे. काउंटरवर स्टँड ठेवण्यामागे असे गृहीत धरलेले असते, की रुग्ण बाहेर पडताना समाधानी असतो. फिजिओथेरपीत तसे नसते. पहिल्या काही सत्रांत दुखणे बऱ्याचदा वाढल्यासारखे वाटते. फ्रोझन शोल्डरचा हात मोकळा व्हायला कित्येक महिने जातात. त्या अवस्थेतील माणसाला पैसे देताना कोड दाखवणे म्हणजे ‘अजून दुखते आहे’ असे लिहून मागणे होय. सुनेने आता वेगळी पद्धत ठरवली आहे. उपचाराच्या सुरुवातीला रुग्ण स्वतःच्या तोंडाने जे सांगतो, म्हणजे केसांची वेणी घालता येत नाही किंवा जिना उतरता येत नाही, ते ती कार्डावर लिहून ठेवते, आणि ती गोष्ट जमू लागली, की त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दुवा पाठवते. पुढे सांगितलेला एक अपवाद सोडला, तर दुवा सर्वांना जातो, केवळ खूश दिसणाऱ्यांना नाही. कोणती वाक्ये लिहावीत, हे सुचवले जात नाही. आपोआपच रिव्ह्यूंत ‘वेणी’, ‘जिना’, ‘गुडघ्याचे ऑपरेशन’ असे शब्द येतात, आणि त्याच तक्रारीसाठी शोधणाऱ्या पुढच्या माणसाला ते उपयोगी पडतात.

यात अडचणी राहतातच. रिव्ह्यूसाठी गूगल खाते लागते, आणि आमच्या ज्येष्ठ रुग्णांच्या फोनमधील खाते बहुधा मुलाच्या नावाचे असते, म्हणून आईच्या गुडघ्याविषयी मुलाच्या नावाने लिहिले जाते. रिव्ह्यू बहुधा खात्यावरच्या नावानेच जगासमोर दिसतो, म्हणून बाळंतपणानंतरच्या ओटीपोटाच्या उपचारांसाठी येणाऱ्या स्त्रियांना दुवा पाठवायचाच नाही, असे सुनेने ठरवले आहे. उत्तर देतानाही काळजी घ्यावी लागते. एकाने प्रतीक्षेबद्दल एक तारा दिला, तेव्हा ‘आपण मणक्याच्या त्रासासाठी आला होता, त्या दिवशी’ असे मी लिहायला घेतले होते, सुनेने ते वाचून म्हटले, “बाबा, तो आपला रुग्ण आहे हेसुद्धा आपण लिहायचे नाही.” मग आम्ही ‘प्रतीक्षेचा त्रास झाल्याबद्दल दिलगीर आहोत, कृपया क्लिनिकच्या क्रमांकावर संपर्क साधावा’ एवढेच लिहिले. तो एक तारा अजूनही दिसतो आणि सरासरी किंचित उतरली आहे. गाळणीने मिळालेल्या नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा ती मला अधिक विश्वासार्ह वाटते, सुनेला तितकीशी वाटत नाही.

घरी जाऊन द्यायच्या उपचारांसाठी सेवाक्षेत्र जोडण्याची सोय प्रोफाइलमध्ये आहे, आणि त्यात २० भागांपर्यंत नावे घालता येतात. पण नाव घातल्याने त्या भागातील शोधात आपण वर येत नाही, अंतर पत्त्यावरूनच मोजले जाते. म्हणून सध्या आम्ही त्यात सून स्कूटरवर जाऊ शकते तेवढेच भाग ठेवले आहेत.