भाडे-बिल तपासणीचं सॉफ्टवेअर: शिरोलीच्या फौंड्रीत काही महिने वापरल्यावर

आमची फौंड्री शिरोली एमआयडीसीत आहे. कास्टिंग मुख्यतः चाकण पट्ट्यात जातं, थोडं होसूरला. स्वतःची गाडी एकही नाही, सगळ्या ट्रान्सपोर्टरच्या. त्यांची बिलं महिनाअखेरीला गठ्ठ्यानं येतात आणि ती तपासून पास करायचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी हे एक्सेल आणि बिल्ट्यांच्या फायलीवर चालायचं. गेल्या दिवाळीच्या आसपास मालकांनी भाडे-बिल तपासणीचं एक सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण अशी बरीच पॅकेजेस आतून साधारण सारखीच चालतात आणि मला जे सांगायचंय ते कुठलंही घेतलंत तरी लागू पडेल.

काम सोपं आहे. ठरलेले दर एकदा भरून ठेवायचे. गाडी सुटताना बिल्टी नंबर, गाडी नंबर, काट्यावरचं वजन, ई-वे बिल नंबर टाकायचा. पोच आली की तिचा फोटो चढवायचा. ट्रान्सपोर्टरचं बिल आलं की तिन्ही गोष्टी आपोआप जुळवल्या जातात आणि ओळ हिरवी किंवा लाल होते.

जे चांगलं आहे ते आधी सांगतो. एकच फेरी दोनदा बिलात येणं आता बंद झालंय. पूर्वी बिल्टी नंबर एकदा ‘०४५७’ आणि पुढच्या महिन्यात पुरवणी बिलात नुसता ‘४५७’ असा आला की एक्सेलला त्या दोन फेऱ्या वाटायच्या. आता जुळवणी ई-वे बिलाच्या बारा आकडी नंबरावर होते. एका गाडीत तीन इन्व्हॉइस असली तर तीन नंबर असतात, पण तेवढं सॉफ्टवेअरला कळतं. दुसरं, दराला ‘कधीपासून कधीपर्यंत’ अशी तारीख लावता येते. दर १५ तारखेला वाढला आणि १२ तारखेची फेरी नव्या दरानं बिलात आली, तर ती लाल होते. ही दोन कामं आता मी हातानं तपासतच नाही.

खरी गंमत हिरव्या ओळींची आहे. एक फेरी सविस्तर लिहितो. आकडे गोल केलेत, कुणाचा खरा दर समजू नका.

चाकणला ९.३८ टन माल पाठवायचा होता, म्हणून आम्ही सहा टायरची गाडी मागवली. ट्रान्सपोर्टरकडे त्या दिवशी सहा टायर मोकळी नव्हती, त्यानं दहा टायर लावली. दर ९०० रुपये टन, पण प्रत्येक गाडीला किमान वजन ठरलेलं असतं: माल कमी भरला तरी सहा टायरला १० टनांचं आणि दहा टायरला १६ टनांचं भाडं द्यायचं. बिल आलं १६ टनांचं, म्हणजे १४,४०० रुपये. सॉफ्टवेअरनं गाडी नंबर पाहिला, दहा टायर ओळखली, १६ टन बरोबर धरले आणि ओळ हिरवी केली.

हिशेब चोख, पण आम्ही द्यायचे होते १० टनांचे ९,००० रुपये. मागितलेली गाडी एक, आलेली दुसरी, आणि मोठी गाडी लावणं ही ट्रान्सपोर्टरची सोय होती. त्यांच्या दिवाणजींना फोन केला तर म्हणाले, “साहेब, माल अडू नये म्हणून लावली की! निम्मी मोकळी गेली, त्याचं काय?” त्यांचंही दुखणं खरं आहे, पण करारात गाडी बदलण्याबद्दल ओळ आहे: मागणीपेक्षा मोठी गाडी आली तर किमान वजन मागितलेल्या गाडीचंच. उलट आमच्या डिस्पॅचनं मुद्दाम मोठी मागवून कमी भरली, तर भुर्दंड आमचा.

सॉफ्टवेअरला हे कळत नाही, कारण त्यात ‘मागवलेली गाडी’ हा रकानाच नव्हता. विक्रेत्याला सांगून एक जादा रकाना उघडून घेतला. आता डिस्पॅचचा माणूस मागणी करतानाच तो भरतो आणि किमान वजन त्याच्यावरून लागतं. तुम्ही डेमो बघायला बसाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: जुळवणी मागणीशी होते की आलेल्या गाडीशी? आम्हाला दाखवलेल्या डेमोत सगळ्या फेऱ्या अशा होत्या की मागणी आणि गाडी एकच.

त्याच बिलात दुसरी ओळ होती, हाल्टिंग दोन दिवस, दिवसाला १,५०० प्रमाणे ३,००० रुपये. करार असा की गाडी पोचल्यापासून २४ तास फुकट, कारखान्याच्या सुट्टीचा दिवस मोजायचा नाही, त्यानंतर दिवसाला किंवा दिवसाच्या भागाला १,५००. गाडी मंगळवारी संध्याकाळी इथून सुटली. ड्रायव्हरच्या म्हणण्यानुसार बुधवारी सकाळी ७:४० ला ती चाकणला गेटसमोर होती. पोचवरचा सिक्युरिटीचा शिक्का मात्र बुधवारी संध्याकाळी ६:१० चा. त्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी. माल उतरला शुक्रवारी सकाळी ११:३० ला.

ट्रान्सपोर्टरनं बुध, गुरू, शुक्र असे तीन दिवस धरून एक फुकटचा वजा केला. शिक्क्यापासून मोजलं आणि गुरुवार सोडला तर १७ तास २० मिनिटं होतात, म्हणजे हाल्टिंग शून्य. ड्रायव्हरच्या वेळेपासून मोजलं तर २७ तास ५० मिनिटं, म्हणजे एक दिवस. एकाच गाडीची तीन उत्तरं: ३,०००, १,५०० आणि शून्य. सॉफ्टवेअरनं पोचवरची शिक्क्याची वेळ घेतली आणि सगळं हाल्टिंग लाल केलं.

इथं मी सॉफ्टवेअरच्या बाजूनं गेलो नाही. मोठ्या कारखान्यांच्या गेटवर गाडी सकाळी लागते आणि आत संध्याकाळी घेतात, हे चाकणला एकदा जाऊन आलेल्या कुणालाही माहीत आहे. शिक्का आत घेतानाचा असतो, पोचल्याचा नसतो. मग पोचल्याची वेळ पडताळायची कशी? ट्रान्सपोर्टरकडून त्या गाडीचं फास्टॅगचं स्टेटमेंट मागवलं. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चारही नाके वेळेसकट त्यात दिसतात. खेड शिवापूर ओलांडल्याची वेळ पहाटे चारनंतरची होती. तिथून पुण्याबाहेरून चाकणला ७:४० ला पोचणं सहज पटतं. नाका सकाळी दहाला ओलांडलेला असता तर ७:४० चा दावा तिथंच पडला असता. एक दिवसाचे १,५०० मान्य केले.

एवढा हिशेब एक्सेलही करतं. D2 मध्ये पोचल्याची तारीख-वेळ, E2 मध्ये माल उतरल्याची, F2 मध्ये सुट्टीचे तास:

```
=MAX(0,ROUNDUP(((E2-D2)*24-F2-24)/24,0))*1500
```

प्रश्न सूत्राचा नाहीच, D2 मध्ये कुठली वेळ घालायची याचा आहे. त्या प्रकरणानंतर करारात ‘गाडी पोचल्यापासून’ हे शब्द काढून ‘गेटवर टोकन घेतल्यापासून, टोकन नसेल तर ड्रायव्हरनं गेटसमोरून पाठवलेल्या लाइव्ह लोकेशनपासून’ असं लिहिलं. वाद पूर्ण थांबले नाहीत, पण आता ते वेळेवरून होतात, शब्दावरून नाही.

तर १७,४०० च्या बिलाचे शेवटी १०,५०० झाले. कापलेल्या ६,९०० पैकी ५,४०० सॉफ्टवेअरच्या हिरव्या ओळीत लपले होते. आणि त्यानं लाल केलेल्या ३,००० पैकी निम्मे देणं लागत होते.

पोचेबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार अजून बाकी आहे. फोटो चढला की सॉफ्टवेअर ‘पोच मिळाली’ धरतं. फोटोत काय आहे ते बघत नाही. ड्रायव्हर पोचेच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवतात, त्यावर सही-शिक्का स्वच्छ असतो. ‘४ नग कमी’ किंवा ‘मोजणी बाकी’ हा शेरा मात्र बऱ्याच कारखान्यांत मागच्या बाजूला मारतात. पुढची बाजू बघून बिल पास केलं आणि दोन महिन्यांनी ग्राहकाची डेबिट नोट आली, तर ट्रान्सपोर्टर म्हणणार, ‘तुम्ही पूर्ण भाडं दिलंत, तेव्हा काही बोलला नाहीत.’ त्यात मुदतीचाही प्रश्न आहे. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार माल गहाळ झाल्याची किंवा खराब झाल्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, नाहीतर दावाच लावता येत नाही. बुकिंगपासून, डेबिट नोटेपासून नव्हे. म्हणून आमच्याकडे नियम केलाय: दोन्ही बाजूंचे फोटो नसतील तर बिल पुढं सरकत नाही, आणि ‘मोजणी बाकी’ असेल तर ग्राहकाची माल जमा झाल्याची पावती येईपर्यंत थांबायचं. हा थांबा सॉफ्टवेअरमध्ये लावता येत नाही, मी वहीत लिहून ठेवतो. पैसे देऊन वही, असं मालक चिडवतात.

वायफळ लाल ओळीही बऱ्याच येतात. कराडजवळ गाडी बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरला, की पोचेवर दुसराच गाडी नंबर. सॉफ्टवेअरला ही फेरीच बोगस वाटते. अशा वेळी ई-वे बिलाचा भाग-ब बघायचा. गाडी बदलली की नवा नंबर तिथं चढवावा लागतो, आणि तो कधी चढवला ती वेळही दिसते. नंबर पोचेशी जुळला आणि बदल माल उतरण्याच्या आधीचा असला, की फेरी खरी. नंबर चढवलाच नसेल तर मी बिल अडवून खुलासा मागतो, कारण रस्त्यात गाडी धरली असती तर दंडाची भानगड आमच्याही गळ्यात आली असती.

डिझेलवाढीची ओळ सॉफ्टवेअर ठीक सांभाळतं, एकच काळजी घ्यावी लागते. आमच्याकडे भाड्यात डिझेलचा वाटा ४५ टक्के धरलाय. म्हणजे डिझेल ४ टक्के वाढलं तर भाडं १.८ टक्के वाढतं, ४ नाही. पंपावरचे दर जून २०१७ पासून रोज बदलू शकतात, म्हणून ‘महिन्याच्या १ तारखेचा कोल्हापुरातला दर’ असं करारात नेमकं लिहिलं नसेल, तर सॉफ्टवेअरला काय भरायचं तेच ठरत नाही.

घ्यावं का? महिन्याला पन्नास-साठ फेऱ्या असतील तर एक्सेल, वरचं सूत्र आणि पोचेच्या दोन्ही बाजूंचे फोटो एवढ्यावर भागतं. फेऱ्या दोनशेच्या वर असतील तर दुबार बिलं आणि तारखेचे दर यातच सॉफ्टवेअरचे पैसे सुटतात. आम्ही पुढच्या वर्षी चालू ठेवतोय, पण हिरव्या ओळी आपोआप पास करण्याची सोय बंद ठेवून. विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी मागितल्यात: पोचेला ‘शेरा आहे/नाही’ असा सक्तीचा रकाना, आणि प्रत्येक ग्राहकाच्या कारखान्याची सुट्टी वेगळी भरता येणं. पहिली देतो म्हणालेत, दुसऱ्यासाठी जादा पैसे सांगितलेत.